सल्ला हवा: एकाच घरात एका मुलाचा कानातला मळ चिकट, दुसऱ्याचा कोरडा. कान साफ कसे करावेत?

इरा_पुणे
नमस्कार. मी पुण्याची, नवरा इंफाळचा. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. मुलीच्या कानातला मळ माझ्यासारखाच मधाच्या रंगाचा, चिकट. मुलाच्या कानातून मात्र करडे, कोंड्यासारखे पापुद्रे पडतात, उशीच्या अभ्र्यावरसुद्धा दिसतात. नवऱ्याचंही तसंच आहे. माझी आई म्हणते, नातवाचा कान आतून कोरडा पडलाय, दर रविवारी दोघांच्या कानात कोमट खोबरेल घाल. सासरी बारीक कानकोरण्याने कान कोरायची पद्धत आहे आणि नवरा मुलाचे कान तसेच कोरतो. त्यातच शाळेच्या तपासणीत मुलीच्या उजव्या कानात मळ साठल्याचं सांगितलंय. मुलाला त्वचेचा काही आजार आहे का? दोघांना एकच पद्धत चालेल का?

सोनचाफा
इराताई, आई बरोबर सांगतायत. तेल कमी पडलं की मळ कोरडा होतो. आमच्याकडे सगळ्यांच्या कानात लहानपणापासून खोबरेल घालतात, कोणाचाही मळ कधी कोरडा झाला नाही. मुलीच्या कानातला मळ तर तेलाने नक्की सुटेल.

तात्या६२
माझा डावा कान गेले काही दिवस ओला असतो. पिवळट पाणी येतं, थोडा वासही येतो. म्हणजे मी ओल्या प्रकारातला का? मलाही तेल चालेल का?

निलगिरी
तात्या, आधी तुमचं. ओल्या प्रकारचा मळ चिकट असतो, पण तो वाहत नाही. पाणी येतंय आणि वास आहे म्हणजे कान वाहतोय. पडद्याला भोक असू शकतं किंवा बुरशी झालेली असू शकते. तेल, थेंब काहीही घालू नका. आंघोळीला बाहेरच्या बाजूला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवा आणि या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मधुमेह असेल तर उद्याच जा.

आता इराताई. मी बरीच वर्षं कानाच्या ओपीडीत ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. तुमच्या मुलाला आजार नाही, तो वडिलांवर गेलाय. मळ ओला की कोरडा हे प्रामुख्याने एकाच जनुकातल्या एका अक्षराच्या फरकावर ठरतं. २००६ साली जपानमधल्या नागासाकीच्या संशोधकांनी ते जनुक दाखवून दिलं, त्याचं नाव एबीसीसी११. ते कानातल्या घामासारख्या ग्रंथींमधून काही पदार्थ बाहेर टाकायला लागतं. ते नीट चालत असेल तर मळ चिकट होतो, नाही तर कोरडा. काखेतल्या ग्रंथींमध्येही तेच काम करतं, म्हणून कोरड्या मळाच्या माणसांच्या घामाला सहसा फार कमी वास असतो.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक जरी ‘ओली’ असली तरी मळ ओला. दोन्ही ‘कोरड्या’ असतील तरच कोरडा. तुमच्या नवऱ्याकडे दोन्ही कोरड्या आहेत. मुलाचा मळ कोरडा, म्हणजे त्याला एक कोरडी प्रत तुमच्याकडूनही मिळाली. याचा अर्थ तुमच्याकडे एक ओली, एक कोरडी आहे आणि मुलीला तुमची ओली मिळाली. तुम्हा दोघांच्या प्रत्येक मुलासाठी शक्यता निम्मी-निम्मी. म्हणूनच आईवडील दोघांचा मळ ओला असूनही मूल कोरडं निघू शकतं. सोनचाफा, तेल घातल्याने हा प्रकार बदलत नाही. तुमच्या घरात सगळे मुळातच ओल्या प्रकारचे असणार.

ओसाकाकर
इथे जपानमध्ये बहुतेकांचा कोरडाच असतो, म्हणून बांबूचं कानकोरणं घरोघरी. माझा चिकट, त्यामुळे मला त्याचा काहीच उपयोग होत नाही, नुसता माखतो. पण कोरड्यांचे पापुद्रे त्याने पटकन निघतात हे खरं. इराताईंच्या यजमानांची सवय अगदीच अशास्त्रीय वाटत नाही.

सोनचाफा
निलगिरी, एक पटलं नाही. माझ्या वडिलांचा मळ तरुणपणी चिकट होता, आता पंचाहत्तरीत दगडासारखा निघतो. मग बदलतो ना?

निलगिरी
तो कोरडा प्रकार नव्हे, साठून वाळलेला ओला मळ. गर्द तपकिरी, काळपट, टणक खडा. वयाबरोबर मळात ओलावा कमी राहतो आणि तो बाहेर सरकत नाही. श्रवणयंत्र लावणाऱ्यांत हे फार दिसतं. रंगावरून प्रकार ठरवू नका. कानाच्या तोंडाशी आलेला ताजा मळ टिश्यूवर घ्या. फासला जाऊन चिकटला तर ओला, चुरा झाला तर कोरडा.

साफ करण्याबद्दल. कानाच्या नळीची त्वचा पडद्याकडून बाहेर हळूहळू सरकत असते, जेवताना जबडा हलतो त्याचीही मदत होते. मळ त्या त्वचेबरोबर बाहेर येतो. कापसाची काडी घातली की थोडासा काडीला लागतो आणि उरलेला आत ढकलला जातो. चिकट मळात हे सगळ्यात जास्त होतं, कारण तो आत दाबून बसतो. मग आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर तो पाणी शोषून फुगतो आणि एकदम दडे बसतात. मुलीला काडी देताय का?

इरा_पुणे
हो, आंघोळीनंतर रोज. मी स्वतःही तेच करते.

निलगिरी
ती पहिली बंद करा. मुलीचा कान दुखत नसेल, वाहत नसेल, पडद्याला भोक नसेल, आधी शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर तिला डाव्या कुशीवर झोपवून उजव्या कानात साध्या ऑलिव्ह तेलाचे दोन-तीन थेंब घाला आणि पाच मिनिटं तशीच राहू द्या. दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस. तेल गरम करू नका, लसूण घालून तर नकोच, कान भाजलेली मुलं आम्ही पाहतो. पहिले एक-दोन दिवस जास्त बंद वाटेल, मळ फुगतो म्हणून. दुखलं तर थांबा. तरी सुटलं नाही तर डॉक्टर नळीने ओढून काढतील. घरी पिचकारी मारू नका. थंड पाण्याने चक्कर येते आणि पडदा फाटला असेल तर पाणी आत जातं.

मुलाला यातलं काहीच नको. बाहेर आलेले पापुद्रे ओल्या रुमालाने पुसा. त्याला ऐकू कमी येत नसेल तर कोरडा मळ ही तक्रारच नाही. आणि आईंना सांगा, दर रविवारचं तेल दोघांनाही नको. पावसाळ्यात दमट हवेत तेलकट कानात बुरशी झालेले रुग्ण रांगेने येतात.

सोनचाफा
आमच्या कोकणात तर बारा महिने दमटच. तरी कोणाला बुरशी झाली नाही.

निलगिरी
तेल घातलं की प्रत्येकाला होतेच असं नाही. पण कान खाजत असेल तर तेल थांबवून दाखवून घ्या.

इरा_पुणे
काडी आजपासून बंद. पण नवरा कानकोरणं सोडायला तयार नाही. म्हणतो, आमच्याकडे सगळे असेच मोठे झाले. मुलगाही मांडीवर डोकं ठेवून मजेत पडून राहतो.

निलगिरी
तोंडाशी दिसणारा पापुद्रा उचलणं आणि आत खोल खरवडणं यात फरक आहे. माझं मत विचाराल तर सहा वर्षांच्या मुलाच्या कानात काहीच नको. मूल अचानक मान वळवतं, शेजारून कोणी धक्का देतं आणि पडदा फाटतो.

ओसाकाकर
इथल्या आया हे रोज करतात. उजेड नीट असेल, फक्त दिसतं तेवढंच काढायचं असेल, तर मला इतकी बंदी योग्य वाटत नाही.

निलगिरी
मी फाटलेले पडदे पाहते, न फाटलेले माझ्याकडे येत नाहीत, हे मान्य. तरीही मत तेच.

तात्या६२
तज्ज्ञांची उद्या सकाळची वेळ मिळाली. साखर आहे मला, आधी लिहायचं राहिलं.