मदत हवी आहे: ताप, खोकला, लाल डोळे आणि आता अंगावर पुरळ, घरात ७ महिन्यांची धाकटी पण आहे

चिकूची_आई (घणसोली), शुक्रवार रात्री ९.४०

मुलगा ३ वर्षं २ महिन्यांचा, वजन १३ किलो. रविवारी संध्याकाळी ताप आला १०१, नाक गळत होतं, कोरडा खोकला, मला वाटलं नेहमीचं व्हायरल. मंगळवारी डोळे लालभडक झाले, पाणी येतंय, ट्यूबलाइट लावली की डोळे मिटून घेतो. सोसायटीखालच्या क्लिनिकमध्ये नेलं, तिथे म्हणाले डोळे आलेत, ड्रॉप्स आणि अँटिबायोटिकचं सिरप दिलं. काल गुरुवारी सकाळी कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेला लाल पुरळ दिसलं, आज संध्याकाळपर्यंत चेहरा भरला आणि छाती-पोटावर उतरलंय, ताप १०३.५. क्लिनिकला फोन केला तर म्हणे सिरपची अ‍ॅलर्जी असेल, बंद करा, सोमवारी दाखवा. पण सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या हा गोवर आहे.

लसीचं कार्ड काढून बघितलं, ९ महिन्यांची एमआर लागलीय, दुसरी नाही. त्या वेळेला आम्ही साताऱ्याला गावी होतो, मग राहूनच गेली, खूप वाईट वाटतंय त्याचं. आमचं वन बीएचके आहे, धाकटी ७ महिन्यांची, अंगावर पिते, तिला अजून एमआर नाही. दोघं आठवडाभर एकाच बेडवर झोपलेत. हा गोवर आहे का कसं ओळखू, आणि धाकटीचं काय करू? प्लीज कोणीतरी सांगा.

सुमनकाकू, ९.५८

अगं गोवरच आहे हा, कानामागून निघाला म्हणजे नक्की. घाबरू नकोस, आमच्या वेळी प्रत्येक घरात यायचा. खोलीत उजेड कमी ठेव, मुगाचं पाणी, मऊ भात दे, घरात फोडणी करू नको, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेव. तापाचं औषध मात्र देऊ नकोस, गोवर सगळा बाहेर पडू दे, आत राहिला की छातीत जातो. आंघोळ सात दिवस नाही.

ऐरोलीचा_अमोल, १०.०५

माझ्या मुलीला मार्चमध्ये सेम झालं होतं, अंगभर फोड पाण्याचे. खपल्या पडेपर्यंत शाळेत पाठवलं नव्हतं, कॅलामाइन लावत होतो, दहा-बारा दिवसांत बरी झाली. टेन्शन नका घेऊ.

चिकूची_आई, १०.११

अमोलदादा, पाण्याचे फोड नाहीयेत, सपाट लाल डाग आहेत, गालावर एकमेकांत मिसळलेत. खाजवत पण नाही तो फारसा.

जुनी_सिस्टर (ठाणे), १०.३२

अमोल, तुमच्या मुलीला कांजिण्या झाल्या होत्या, हे वेगळं आहे.

चिकूच्या आई, मी महापालिकेच्या दवाखान्यात २६ वर्षं काढली, लहान मुलांच्या वॉर्डात बरीच. फोटो बघून किंवा इथे वाचून कोणी खात्री देऊ शकत नाही, पण तुम्ही जो क्रम सांगितलात तो मला गोवराचाच वाटतो. आधी तीन-चार दिवस चढता ताप, त्याच्याबरोबर खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, आणि मग केसांच्या कडेने पुरळ निघून रोज थोडं थोडं खाली उतरणं. औषधाच्या अ‍ॅलर्जीचं पुरळ बहुतेक वेळा छाती-पाठीवर सुरू होतं आणि खाज असते, शिवाय सिरप चालू व्हायच्या आधीपासूनच त्याला खोकला आणि ताप होता ना. तरी अ‍ॅलर्जी शंभर टक्के नाही असं मी म्हणणार नाही, ते रक्त तपासूनच कळेल. एक डोस झालेल्या मुलालाही होऊ शकतो, म्हणून तर दुसरा डोस असतो.

सोमवारपर्यंत थांबू नका, कारण खरी घाई धाकटीची आहे. हिशोब असा करा. पुरळ दिसलं तो दिवस गुरुवार. गोवर त्याच्या आधी ४ दिवस आणि नंतर ४ दिवस पसरतो, म्हणजे मागच्या रविवारपासून येत्या सोमवारपर्यंत. धाकटीला संसर्ग झाला असेल तर तो रविवारपासूनच धरायचा. पहिल्या ७२ तासांत लस दिली असती तर आजार टळायची शक्यता होती, तो वेळ गेला. पण ६ दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन देता येतं, त्यात तयार अँटिबॉडी असतात, आणि तुमचा सहावा दिवस उद्या शनिवार आहे. उद्या सकाळीच मुलांच्या डॉक्टरांना हे दिवस मोजून सांगा. द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील आणि ते सगळीकडे मिळत नाही, म्हणून सकाळी सातलाच फोनाफोनी सुरू करा.

कळव्याचा_बाबा, १०.४७

सिस्टर बरोबर सांगतायत. २०२२ ला मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली, भिवंडीतही होती, तेव्हा आमची दीड वर्षाची होती. आमची चूक एकच झाली, तिला घेऊन सरळ ओपीडीच्या रांगेत तासभर बसलो, बाजूला तान्ही बाळं होती. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की गोवर हवेतून जातो, पेशंट उठून गेला तरी त्या खोलीत दोन तासांपर्यंत राहू शकतो. अजून ते डोक्यातून जात नाही माझ्या. तुम्ही आधी फोन करून "ताप आणि पुरळ, गोवराची शंका आहे" एवढं सांगा आणि रिक्षातच बसून राहा, ते वेगळ्या दाराने घेतात.

चिकूची_आई, १०.५५

मग आता वेगळं ठेवून काही उपयोग आहे का? दुसरी खोली हॉल आहे फक्त. आणि ताप उतरत नाहीये, औषध देऊ की नको, काकू नको म्हणतायत.

जुनी_सिस्टर, ११.१८

द्या. काकू, तुमचा मुगाचं पाणी आणि कमी उजेडाचा सल्ला अगदी योग्य आहे, त्या डोळ्यांना उजेड खरंच टोचतो. पण ताप उतरवल्याने गोवर आत राहत नाही. छातीत जातो म्हणतात तो न्यूमोनिया, तो ताप दाबल्यामुळे होत नाही, गोवरामुळेच होतो. उलट तापात मूल पाणी पीत नाही आणि सुकतं. कोमट पाण्याने अंग पुसून घ्या, आंघोळही चालते.

पॅरासिटामॉलची बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा, इथे फार गोंधळ होतो. एका डोसला किलोमागे १५ मिलिग्रॅम, १३ किलोला साधारण १९५. बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर ४ मिलीपेक्षा जरा कमी, ५ मिलीत १२० लिहिलं असेल तर ८ मिली. बाटली बदलली आणि चमचा तोच ठेवला की डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. सहा तासांचं अंतर ठेवा, दिवसात चारच्या वर नाही. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा, दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे. काजळ, मध, दूध काहीही घालू नका, आणि ते ड्रॉप्स उद्या डॉक्टरांना दाखवा, त्यात स्टेरॉइड असेल तर बंद करायला सांगतील.

वेगळं ठेवण्याचं खरं सांगते, धाकटीपुरतं उशीर झालाय, पण तरी आजपासून तिला आणि तुम्हाला हॉलमध्ये झोपवा, खिडक्या उघड्या, चिकूजवळ बाबा किंवा ज्यांना लहानपणी गोवर होऊन गेलाय त्या सासूबाई. अंगावरचं दूध चालू ठेवा. जास्त उपयोग बाहेरच्यांना होईल. सोमवार संपेपर्यंत लिफ्ट, नर्सरी, सोसायटीचं गार्डन काही नाही, आणि रविवारपासून कोण कोण घरी आलं आठवा, त्यात कोणी गरोदर आहे का?

चिकूची_आई, ११.२६

अरे देवा, बुधवारी जाऊबाई आल्या होत्या, पाचवा महिना आहे त्यांना.

जुनी_सिस्टर, ११.३१

त्यांना आत्ता फोन करा. लस गरोदरपणात देत नाहीत. लसीचे दोन डोस झालेत का किंवा गोवर होऊन गेलाय का ते विचारा, आणि उद्याच त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा. बुधवारपासून मोजलं तर त्यांच्या हातात थोडा वेळ आहे.

आणि चिकूला उद्या व्हिटॅमिन ए मागून घ्या. या वयाला २ लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस रोज एक, गोवरात डोळे वाचवायला हेच लागतं. टॉनिकमध्ये असतं ते यापुढे काहीच नाही, त्यामुळे टॉनिकवर समाधान मानू नका. आधी कधी दिलं होतं ते कार्डावरून सांगा.

सुमनकाकू, ११.४०

मी गाजराचा रस सांगणार होते. सिस्टरांना जास्त कळतं, त्यांचं ऐक. कडुलिंब तरी ठेव बाई, वाऱ्याला चांगला.

कळव्याचा_बाबा, ११.४४

रात्री झोपल्यावर त्याचा श्वास मोजा, आम्हाला हेच शिकवलं होतं. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावायचं, पोट किती वेळा वर येतं. त्याच्या वयाला ४० किंवा वर गेलं, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. आमच्या मुलीचं पुरळ निघाल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी परत चढला, आम्ही म्हटलं उरलेला ताप असेल. न्यूमोनिया निघाला, चार दिवस अ‍ॅडमिट होती. ताप एकदा उतरून परत आला तर लगेच दाखवा.

जुनी_सिस्टर, ११.५०

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. धाकटीसाठी तो आकडा ५० धरा. आणि झटका आला, उठवून उठत नाही, काहीच पीत नाही, बुबुळ पांढरट धुरकट दिसलं, यातलं काहीही झालं तरी सरळ हॉस्पिटल.

चिकूची_आई, रविवार दुपारी ३.१५

काल दिवसभर लिहायला जमलं नाही. सकाळी महापालिकेच्या हॉस्पिटलला फोन करून गेलो, बाहेरच थांबवलं आणि मागच्या खोलीत घेतलं. डॉक्टर म्हणाल्या गोवरच वाटतोय, रक्त आणि घशाचा स्वॅब घेतला, रिपोर्ट अजून नाही. व्हिटॅमिन एचा एक डोस काल तिथेच, दुसरा आज झाला. ड्रॉप्स बंद केले. सोसायटीत आणखी कोणाला ताप-पुरळ आहे का बघायला आशाताई येऊन गेल्या. चिकूचे पाय आता भरलेत पण चेहऱ्यावरचं तपकिरी पडायला लागलंय, ताप १००.६, रात्री श्वास ३२ मोजला.

धाकटीसाठी दोन डॉक्टरांची दोन मतं झाली. एक म्हणाले ६ महिने पूर्ण आहेत तर एमआरचा जादाचा डोस देऊन टाकू, दुसऱ्या म्हणाल्या आता उशीर झालाय, इम्युनोग्लोब्युलिनच द्या. चार ठिकाणी फोन केल्यावर दुपारी एका ठिकाणी ते मिळालं आणि काल साडेचारला मांडीत दिलं. टळेल याची गॅरंटी नाही, झाला तर सौम्य होईल म्हणाल्या, आणि आता तिची ९ महिन्यांची लस काही महिने पुढे जाणार, तारीख त्या लिहून देणार आहेत. जाऊबाईंची रक्ततपासणी उद्या आहे.

एक विचारायचं राहिलं, धाकटीवर किती दिवस नजर ठेवायची?

जुनी_सिस्टर, ४.०२

नेहमी २१ दिवस, पण इम्युनोग्लोब्युलिन दिलं की आजार उशिराही निघू शकतो म्हणून २८ धरा. रोज सकाळी ताप मोजून कॅलेंडरवर लिहा. तोपर्यंत बारसं, डोहाळजेवण कुठेही तिला नेऊ नका, जाऊबाईंकडे तर नाहीच. चिकूची उरलेली एमआर बरा झाल्यावर कधी द्यायची ते रिपोर्ट आल्यावर विचारा. आज रात्री परत श्वास मोजा.