जिमनंतरचा अर्धा तास आणि दिवसभराचं प्रोटीन

रोहन, बी-३०४: नमस्कार. कमिटीला विनंती आहे, जिममध्ये एक छोटा फ्रिज ठेवता येईल का? ट्रेनर म्हणतात, व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन घेतलं नाही तर मेहनत वाया जाते. संध्याकाळी लिफ्टला रांग असते, घरी पोचेपर्यंत उशीर होतो.

सुजाता, बी-३०४: आणि घरी आल्या आल्या शेक पितो, मग अर्धंच जेवतो. मला त्याची जास्त काळजी आहे.

अनघा, ए-१०२ (आहारतज्ज्ञ): रोहन, सुजाताताईंचा मुद्दा आधी घे. वजनाच्या व्यायामानंतर स्नायू निदान चोवीस तास प्रोटीन नेहमीपेक्षा जास्त वापरतात. अर्ध्या तासात काही बंद होत नाही. शिवाय तू दुपारी जेवतोस, पाच वाजता दूध-चहा घेतोस. साधं जेवण पचायला काही तास लागतात, म्हणजे तू डंबेल उचलतोस तेव्हाही रक्तात अमिनो ॲसिड येतच असतात.

रोहन: पण ताई, यावर अभ्यास झालेत ना? लगेच प्रोटीन घेणाऱ्यांचे स्नायू जास्त वाढले म्हणे.

अनघा: झालेत. २००१ साली डेन्मार्कमध्ये सत्तरीपुढच्या पुरुषांवर झालेला एक अभ्यास फार गाजला. व्यायामानंतर लगेच प्रोटीन घेणाऱ्यांचे स्नायू वाढले, दोन तासांनी घेणाऱ्यांचे वाढले नाहीत. पण त्यात एकूण तेराच जण होते, आणि तुझ्या वयाच्या मुलांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.
नंतर २०१३ मध्ये शोनफेल्ड, अॅरॅगॉन आणि क्रीगर यांनी असे बरेच अभ्यास एकत्र तपासले. वरवर पाहता वेळेवर घेणाऱ्यांना थोडा फायदा दिसत होता. मात्र बऱ्याच अभ्यासांत त्या गटाला जास्तीचं प्रोटीन मिळालं होतं आणि दुसऱ्या गटाला नुसतं साखरेचं पेय किंवा काहीच नाही. दिवसभराचं एकूण प्रोटीन हिशेबात धरल्यावर वेळेचा फायदा उरलाच नाही. फायदा झाला तो जास्त खाण्याचा, श्रेय मिळालं घड्याळाला.

रोहन: मग एकूण किती लागतं?

अनघा: स्नायू वाढवायचे असतील तर वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम. २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात त्यापुढे सरासरी फायदा थांबलेला दिसला. तुझं वजन ६५ किलो, म्हणजे १०४ ग्रॅम. काल काय खाल्लंस ते लिही.

रोहन: सकाळी पोहे. डब्यात तीन पोळ्या, भाजी, आमटी. दोनदा चहा. जिमनंतर एक स्कूप. रात्री एक पोळी, पातळ आमटी, थोडा भात.

अनघा: अंदाजे पोहे ५, डबा १७, चहाचं दूध ४, स्कूप २४, रात्रीचं जेवण ८. एकूण ५८ ग्रॅम. शेक वेळेवर घेऊनही ४६ ग्रॅम कमी पडतायत, आणि त्यातले काही तर शेकमुळे जेवण कमी झालं म्हणूनच.

सुजाता: आमच्याकडे अंडी चालत नाहीत हो.

अनघा: नकोतही. पोह्यांऐवजी ५० ग्रॅम बेसनाची धिरडी करा, ६ वाढले. सोबत मोठा ग्लास दूध, ८. डब्याच्या भाजीत २५ ग्रॅम सोयाचे कोरडे तुकडे, गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून, १३. चार वाजता मूठभर भाजके शेंगदाणे, ७. रात्री पातळ आमटीऐवजी घट्ट वरण, दोन पोळ्या आणि वाटीभर दही, आणखी १२. झाले ४६. शेक त्याने दिवसात केव्हाही घ्यावा, फक्त जेवणाच्या तोंडावर नको.

नीलिमा, सी-२०१: मी पहाटे उपाशीपोटी जिमला जाते, मग ऑफिसला पळते. मलाही हेच लागू?

अनघा: तुमचं थोडं वेगळं आहे. रात्री नऊनंतर पोटात काही नसतं, त्यामुळे व्यायामानंतर तास-दोन तासांत नीट नाश्ता करा. जेवणाची वेळ दुपारवर ढकलू नका. एकाच दिवशी दोनदा कसून सराव करणाऱ्या धावपटूंनाही लवकर खावं लागतं, पण ते मुख्यतः भात, केळी, बटाटा यांसाठी, कारण स्नायूंतला साखरेचा साठा लगेच भरायचा असतो.

रमेश काका, ए-५०३: माझं क्रिएटिनिन वाढलेलं आहे. सुनबाई मलाही पावडर देतेय.

अनघा: काका, पावडर आजपासून थांबवा आणि रिपोर्ट घेऊन तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना भेटा. वरचा १.६ चा आकडा किडनी निरोगी असलेल्यांसाठी आहे. तुमचं प्रमाण तेच ठरवतील.

रोहन: ताई, रविवारी जिम बंद असते. त्या दिवशी शेक सोडतो मी.

अनघा: सोडू नकोस, किंवा तेवढं प्रोटीन जेवणातून घे. शनिवारच्या व्यायामाची भर रविवारीही पडत असते. त्या दिवशीही १०४ च.