मदत हवी आहे: दोन जवळपास सारखे फोटो मॉडेलला खरंच वेगळे ओळखता येतात का, हे तपासायचं कसं?

ताणाबाणा_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरीचा छोटा कारखाना आहे, आठ माग. फोल्डिंगला दोन बायका प्रत्येक चादर उलगडून बघतात. तार गेलेली असेल तर तो माल सेकंडमध्ये जातो. त्यातली एक मावशी दिवाळीनंतर काम सोडणार आहे, तिची नजर अधू झालीय. म्हणून फोटो बघून उत्तर देणाऱ्या एआय मॉडेलला हे काम जमतं का, ते बघायचं मी ठरवलं.

एकाच डिझाइनच्या दोन चादरी भिंतीवर टांगल्या. एक चांगली आणि एक मधोमध ताण्याची तार तुटलेली. दोन्हींचे पूर्ण फोटो पाठवून विचारलं, "या दोन फोटोंत काय फरक आहे?" मॉडेलने चार फरक सांगितले आणि त्यात "दुसऱ्या चादरीत मध्यभागी उभी रेघ" हाही होता. मला खूप आनंद झाला, घरी फोन करून सांगितलं सुद्धा.

रात्री मनात शंका आली म्हणून चांगल्या चादरीचा एकच फोटो दोनदा पाठवला. तरी त्याने तीन फरक सांगितले! रंग थोडा फिका, काठ वेगळा, आणि पुन्हा तीच उभी रेघ. फाइल तीच होती, मी दोनदा खात्री केली.

मग पहिल्या वेळी त्याला रेघ दिसली होती की अंदाज बरोबर आला होता? आणि हे नीट तपासायचं कसं? मावशीच्या जागी काय करायचं हे त्यावर ठरणार आहे, म्हणून मनापासून विचारतोय.

गॅलरी_साफ

दादा, सारखे फोटो शोधून काढणारी कितीतरी ॲप आहेत. माझ्या फोनमध्ये लग्नाचे दोन हजार फोटो होते, त्यातले डुप्लिकेट अर्ध्या तासात निघाले. फाइलचा हॅश काढला की दोन फोटो एकच आहेत का ते लगेच कळतं, त्यासाठी एआयची गरज नाही.

ताणाबाणा_सोलापूर

धन्यवाद, पण मला डुप्लिकेट काढायचे नाहीत ओ. मॉडेलची नजर किती बारीक आहे ते बघायचंय.

प्रकाश_कोठे

व्हॉट्सॲपवरून फोटो कॉम्प्युटरवर घेतले असतील तर तिथेच घोळ झाला. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मॉडेल दोन फोटो एकावर एक ठेवून पिक्सेल जुळवतं, त्यामुळे चांगला फोटो दिला की बरोबर सांगेल. टेम्परेचर, म्हणजे उत्तर किती बदलू द्यायचं ते सेटिंग, शून्य ठेवलं तर चुका जवळपास बंद होतात.

नजर_तपासनीस

व्हॉट्सॲपचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, बाकीचं मात्र तसं नाही. मी हेच काम करते, मॉडेलच्या चित्र बघण्याच्या चाचण्या बनवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अशी मॉडेलं फोटो एकमेकांवर ठेवून पिक्सेल जुळवत नाहीत. प्रत्येक चित्राचे छोटे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनात काय आहे याची संख्यांमध्ये नोंद होते, आणि दोन्ही चित्रांच्या त्या नोंदी वाचून मॉडेल उत्तर लिहितं. नोंद करतानाच जे सुटलं ते पुढे कुठेच सापडत नाही. टेम्परेचर शून्य केल्याने उत्तर पुन्हा पुन्हा जवळपास तेच येईल, पण ते चूक असेल तर दर वेळी तेच चूक उत्तर येईल.

दादा, आता तुमच्या चादरीचा हिशोब करू. चादर केवढी आणि इंचात किती तारा?

ताणाबाणा_सोलापूर

ताई, 60 बाय 90 इंच. भिंग लावून मोजल्या, ताण्याच्या इंचाला 40 च्या आसपास तारा. फोनचा फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा.

नजर_तपासनीस

म्हणजे 90 इंचांची लांबी 4000 पिक्सेलमध्ये बसली, इंचाला साधारण 44 पिक्सेल. एका तारेच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल. बहुतेक सेवा मोठा फोटो आत घेण्याआधी लहान करतात. समजा लांब बाजू 1500 वर आणली, तर इंचाला 17 पिक्सेलही राहत नाहीत आणि एका तारेला अर्धा पिक्सेलही उरत नाही. गेलेली एक तार मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच पुसली गेली. तेव्हा पहिल्या दिवशीचं बरोबर उत्तर बहुधा अंदाजाचंच होतं. चादरीच्या दोन फोटोंत काय वेगळं असू शकतं, असं विचारलं तर मीही न बघता "मधली रेघ" म्हणेन.

जुना फोटो कापून मोठा करून उपयोग नाही, त्यात तारेला जेमतेम एकच पिक्सेल आहे. नव्याने जवळून काढा. 8 इंचांचा तुकडा लांब बाजूत बसवला तर लहान झाल्यावरही एका तारेला साडेचार पिक्सेल मिळतात. दोन्ही फोटो शेजारी चिकटवून एकच चित्र करू नका, त्यात प्रत्येकाची जागा निम्मी होते. एकाच संदेशात दोन वेगळी चित्रं पाठवा.

दुसरी चूक प्रश्नात आहे. "काय फरक आहे" म्हटलं की फरक आहे हे तुम्हीच सांगून टाकलं, आणि मॉडेल ते मान्य करून यादी बनवतं. असं विचारा: "हे दोन फोटो हुबेहूब एकच आहेत की वेगळे? एका शब्दात सांगा. वेगळे असतील तर फरक कुठे, तेही सांगा." आणि निम्म्या जोड्यांत खरोखरच तीच फाइल दोनदा द्या. एकच फोटो दोनदा पाठवायचं तुम्हाला आपणहून सुचलं, सगळ्या चाचणीत महत्त्वाचं तेच आहे.

वेगळ्या जोड्यांसाठी आधी दोन चादरींचे दोन फोटो घेऊ नका. हात हलतो, उजेड बदलतो, आणि मॉडेल "वेगळे" म्हणालं तर कशामुळे म्हणालं ते कळत नाही. एकच फोटो घ्या, त्याची प्रत काढून एडिटरमध्ये एकच तार पुसा, आणि दोन्ही पीएनजी म्हणून सेव्ह करा. जेपीजी पुन्हा सेव्ह केला तर तुम्ही हात न लावलेले पिक्सेलही बदलतात. कॉम्प्युटरवर इमेजमॅजिक हे सॉफ्टवेअर असेल तर खात्री करता येते:

```
compare -metric AE changla.png tar.png farak.png
```

किती पिक्सेल वेगळे आहेत तो आकडा येतो, आणि farak.png मध्ये फक्त ती तार उठून दिसायला हवी. सगळा फोटो रंगला तर जोडी बाद. फाइलची नावं मात्र बदला, काही ठिकाणी नाव मॉडेलपर्यंत जातं आणि "tar" वाचून उत्तर फुटतं.

प्रत्येक जोडी नव्या संभाषणात द्या. नाहीतर मागच्या उत्तराचा धागा पकडून ते पुढचं उत्तर देतं.

डाळिंब_सांगोला

माझं जरा वेगळं आहे. डाळिंबाच्या पानावरचा तेल्याचा ठिपका आणि साधा बुरशीचा ठिपका, दोन्हींचे फोटो मी पाठवतो. मॉडेल कधी तेल्या म्हणतं, कधी नाही. हीच पद्धत लावू का?

नजर_तपासनीस

काका, तुमचा प्रश्न निराळा आहे. तिथे ठिपका दिसतोच, पण तो कसला हे ओळखायचं आहे. तेल्यासाठी नमुना सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रातच दाखवा, फवारणी चुकली तर बाग जाईल. एक गोष्ट मात्र तुम्हालाही लागू आहे: "हा तेल्या आहे ना?" असं विचारू नका.

ताणाबाणा_सोलापूर

ताई, आठवडाभर बसलो. 20 जोड्या केल्या, 10 तीच फाइल आणि 10 तार पुसलेल्या.

आधी पूर्ण चादरीचे फोटो. तार पुसलेल्या 10 पैकी 9 ना "वेगळे" म्हणालं. पण तीच फाइल असलेल्या 10 पैकी 8 जोड्यांनाही "वेगळे"च म्हणालं!

मग 8 इंचांच्या तुकड्यांचे. तार पुसलेल्या 10 पैकी 8 पकडल्या, सारख्या 10 पैकी 2 ना उगाच "वेगळे" म्हणालं. पकडलेल्या 8 पैकी 6 वेळा जागाही बरोबर सांगितली.

नजर_तपासनीस

फार छान काम केलंत. पहिल्या खेपेत फक्त "10 पैकी 9 पकडल्या" हे बघितलं असतं तर तुम्ही मशीन बसवलं असतं. एकूण बरोबर उत्तरं 9 आणि 2, म्हणजे 20 पैकी 11. नाणं उडवलं असतं तरी 10 आली असती. ते न बघता जवळजवळ दर वेळी "वेगळे" म्हणत होतं.

दुसऱ्या खेपेत 20 पैकी 16. नुसतं नाणं उडवून 16 किंवा जास्त येणं हजारात सहाएक वेळा घडतं, त्यामुळे इथे त्याला काहीतरी दिसतंय असं मी मानते. जागा बरोबर सांगितलेल्या 6 वर माझा जास्त विश्वास आहे, कारण जागा अंदाजाने सांगणं अवघड असतं.

आता त्याच 10 वेगळ्या जोड्या फोटोंचा क्रम उलटा करून द्या आणि "तार कोणत्या फोटोत गेलीय, पहिल्या की दुसऱ्या?" असं विचारा. दोन्ही क्रमांत बरोबर आलं तरच जोडीला एक गुण. 2024 मध्ये MMVP नावाची चाचणी आली. त्यात 150 जोड्या होत्या, माणसाला फरक सहज दिसतो पण चित्र नोंदवणाऱ्या CLIP ला दोन्ही जवळपास सारखे वाटतात अशा. तिथेही जोडीतल्या दोन्ही फोटोंचं उत्तर बरोबर आलं तरच गुण होता, आणि त्या वेळची नावाजलेली मॉडेलं माणसांच्या बरीच मागे पडली.

प्रकाश_कोठे

पिक्सेल जुळवण्याचं माझं चुकलं, ताई. पण मग ती compare कमांडच का वापरू नये? पिक्सेल मोजून सगळं कळतंय की.

नजर_तपासनीस

तयार केलेल्या जोडीसाठी ती उत्तम. पण खऱ्या दोन चादरींच्या फोटोंत लाखो पिक्सेल वेगळे येतील, माल चांगला असला तरी. कोणता फरक खोट आणि कोणता नुसता उजेडाचा, हे ती सांगत नाही.

ताणाबाणा_सोलापूर

क्रम उलटून बघितला. 10 पैकी 5 जोड्या दोन्ही क्रमांत बरोबर. चुकलेल्या 5 पैकी 4 मध्ये ते दोन्ही वेळा "दुसरा फोटो"च म्हणालं.

आणि काल खऱ्या दोन चादरींचे जवळून फोटो दिले. ट्यूबलाइटखाली कापडावर लाटांसारखे पट्टे उमटले, चादरीत ते नाहीत. मॉडेलने त्यांनाच खोट धरलं. फोन जरा तिरका धरला की पट्टे हलतात.

नजर_तपासनीस

विणीची जाळी आणि कॅमेऱ्याची जाळी एकमेकींवर पडल्या की तसं होतं. अंतर बदलून किंवा फोन थोडा वळवून तेच दोन फोटो पुन्हा काढा. पट्टा जागा बदलत असेल तर तो कापडात नाही. मॉडेलला हे दोन्ही फोटो देऊन उपयोग होतो का, ते मी अजून तपासलेलं नाही.

ताणाबाणा_सोलापूर

रविवारी माग बंद असतात, तेव्हा काढतो. मावशीलाही बसवणार आहे, त्याच 20 जोड्या तिला स्क्रीनवर दाखवून. ती किती पकडते ते इथे लिहितो. शेडच्या फरकाचं कोणी तपासलंय का? दोन लॉटचा मरून रंग किंचित वेगळा येतो, त्यावर मॉडेल चालतं का?