फॉर्ममधला 'व्यवसाय' चरित्रात चालतो का?

स्मरणिका_संपादन
संस्थेच्या स्मरणिकेसाठी करवीर आणि कागल तालुक्यातल्या जुन्या माणसांचे परिचय गोळा करतोय. माहितीपत्रकात 'व्यवसाय' असा एकच रकाना ठेवला होता. बहुतेकांनी 'नोकरी', 'शेती', 'निवृत्त' एवढंच लिहून दिलंय. गुऱ्हाळावर गूळ उतरवणाऱ्या एका गुळव्याच्या मुलाने वडिलांपुढे 'गूळ व्यवसाय' लिहिलंय. माझं मत, लोकांनी दिलेला शब्द तसाच छापावा. सहकारी म्हणतात, फॉर्मचा शब्द परिचयात चालत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मोडीवाचक
सहकाऱ्यांचं बरोबर आहे. तो गुळव्याच घ्या, त्याच्यावरून सगळं कळतं.

'गूळ व्यवसाय' वाचून माणूस काय समजेल? कोल्हापूरच्या शाहूपुरीत अडत दुकान असेल, नाहीतर स्वतःचं गुऱ्हाळ असेल. गुळव्याचं दोन्ही नसतं. रस आटवायची काहील दुसऱ्याची, ऊस तिसऱ्याचा, आणि हा आदणामागे, म्हणजे काहिलीत शिजणाऱ्या रसाच्या प्रत्येक खेपेमागे, मजुरी घेणारा. पण गुऱ्हाळावर सगळ्यांचं लक्ष त्याच्याच हाताकडे असतं. भेंडीचं पाणी कधी सोडायचं, मळी कधी काढायची, जाळ कधी कमी करायला सांगायचा हे तो ठरवतो. शेवटी पाक थंड पाण्यात टाकून गोळी धरते का ते बोटांनी बघतो आणि मग काहील उतरवायला सांगतो. थोडी घाई झाली तर गूळ चिकट राहतो, ढेप बसत नाही. उशीर झाला तर काळपट पडून करपट वास येतो, आणि सौद्यात भाव पडतो.

सरकारी फॉर्मला यातलं काही नको असतं. त्याला हा माणूस कुठल्या खान्यात टाकायचा एवढंच हवं. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात पहिला अंक गट सांगतो: कुशल शेतकरी 6 मध्ये, कारागीर 7 मध्ये, साधा अंगमेहनतीचा मजूर 9 मध्ये. गुळव्याचं काम कारागिराचं, चुलवाणात चिपाड घालणाऱ्याचं साध्या मजुराचं. गुऱ्हाळाची कमाई नावावर घेणारा मालक यांपैकी कुठेच बसत नाही. म्हणजे 'गूळ व्यवसाय' हा शब्द फॉर्मलासुद्धा अपुरा आहे. तिथे 'गूळ तयार करणारा कारागीर, मजुरीवर' असं लिहावं लागतं. परिचयात मात्र सरळ 'गुळव्या' लिहा आणि पुढच्या वाक्यात तो काय करायचा ते सांगा.

खात्री करायची असेल तर मुलाला तीन गोष्टी विचारा: ऊस कुणाचा, काहील कुणाची, पैसे कोण कुणाला द्यायचं. उत्तरं आली की तो मालक, व्यापारी की कारागीर हे आपोआप ठरतं.

पेठकर
असहमत. एकदा शब्द बदलायची मुभा दिली की कुठे थांबणार? स्मरणिका उघडून बघा, प्रत्येक कारकून 'अधिकारी' असतो आणि प्रत्येक पाणी सोडणारा 'अभियंता'. फॉर्मचा शब्द रुक्ष असेल, पण त्यावर सही असते. 'शिपाई' लिहिलंय तर 'शिपाई'च छापा, त्यात कमीपणा कसला? आणि शब्द संपादकाने बदलला तर घरच्यांनी विचारल्यावर उत्तर कोण देणार?

मोडीवाचक
हुद्दा फुगवायचा नाही, यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण हुद्दा आणि काम या दोन गोष्टी आहेत. हुद्दा जसा आदेशात आहे तसा, त्या काळातला, एक अक्षर न बदलता. काम मात्र क्रियापदाने सांगायचं, पदवीने नाही. 'पाणीपुरवठ्यात शिपाई होते. पेठेतल्या व्हॉल्व्हच्या वेळा तेच सांभाळायचे' असं लिहिलं तर शिपाई शिपाईच राहतो आणि त्याचं कामही दिसतं. फुगवटा 'अभियंता' या शब्दात होता, क्रियापदात नव्हता.

संविधान_वाचा
शब्दांचा एवढा घोळ घालायची गरज नाही. पेशा म्हणजे डॉक्टर, वकील असे शिकून केलेले. व्यवसाय म्हणजे इतर. धंदा हा शब्द जरा हलका, तो छापीलमध्ये टाळावा. संविधानाच्या अनुच्छेद 19 मध्येच हे वेगळं केलेलं आहे.

कर_सल्लागार_शाहूपुरी
अर्धं बरोबर आहे. अनुच्छेद 19(1)(छ) च्या मराठी पाठात पेशा, व्यवसाय, व्यापार आणि धंदा असे चारही शब्द शेजारी शेजारी आहेत. धंदा तिथे अजिबात हलका नाही. आपल्याकडेही 'दुधाचा धंदा' म्हणताना कुणी नाक मुरडत नाही.

पण सरकारी मराठी सगळीकडे एकसारखी नाही. 1975 चा राज्याचा कर कायदा बघा: 'व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर'. संविधानात ज्याला पेशा म्हटलं तोच इथे व्यवसाय झाला. म्हणून पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापतात त्याला आपण 'व्यवसाय कर' म्हणतो, आणि तो नोकरदारच भरत असतो. हाच माणूस दुसऱ्या फॉर्ममध्ये 'नोकरी की व्यवसाय' यापैकी नोकरीवर खूण करतो. म्हणून फॉर्म भरताना शब्दाचा अर्थ कोशात शोधू नका, शेजारचा रकाना बघा. शेजारी 'आस्थापनेचे नाव' असेल तर तो नोकरी विचारतोय. 'स्वरूप' किंवा 'उलाढाल' असेल तर धंदा विचारतोय. 'उत्पन्नाचे साधन' असेल तर निवृत्त माणसाने 'निवृत्तिवेतन' लिहायचं, कारण 'निवृत्त' हे उत्पन्नाचं साधन नाही.

उदगावकर
माझाबी प्रश्न हाय याच्यातच. पोराच्या जन्माच्या वेळी फॉर्मात माझा व्यवसाय 'मजूर' पडलाय. मी आता फॅब्रिकेशनचं दुकान टाकलंय. दाखल्यावर ते बदलून घ्याय किती दिवस लागत्यात?

कर_सल्लागार_शाहूपुरी
भाऊ, दाखला काढून बघा, त्यावर वडिलांचा व्यवसाय येतच नाही. जन्माच्या नोंदीच्या फॉर्मचे दोन भाग असतात. नाव, तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं हा भाग नोंदवहीत राहतो आणि दाखला त्याच्यावरून निघतो. आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय हा भाग आकडेवारीसाठी वेगळा जातो. शिवाय तो त्या दिवशीचा व्यवसाय होता, त्यामुळे तो चुकलेला नाहीच. दुकानाची नोंद ही वेगळी बाब, ती दुकानाच्या कागदात येईल.

मोडीवाचक
उदगावकरांच्या प्रश्नातून नेमका मुद्दा निघाला. फॉर्म एका तारखेचा असतो. जनगणनासुद्धा मागच्या वर्षभराचंच विचारते: सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारा, कमी असेल तर सीमांतिक. गुळव्याचा हंगाम दिवाळीच्या आसपास धरतो आणि उन्हाळ्यात सरतो, उरलेले महिने तो स्वतःच्या वीस गुंठ्यांत किंवा दुसऱ्याच्या रानात असतो. ज्या कामात जास्त वेळ गेला ते वर, असा हिशेब लावला तर एखाद्या कमी पावसाच्या वर्षी, ऊस कमी आणि हंगाम आखूड असताना, तो कागदावर शेतमजूर होतो. पुढच्या वर्षी पुन्हा कारागीर. चरित्र तीस-चाळीस वर्षांचं असतं. त्यात त्याला शेतमजूर म्हणणं कागदाला धरून असेल, पण वाचणाऱ्याची फसगत होईल.

पेठकर
बरं, काळाचा मुद्दा मान्य. मग मला हे सांगा, एका माणसाचे हुद्दे बदलत गेले तर परिचयाच्या मथळ्यात कुठला? शेवटचा?

गावकामगार
शेवटचा लिहायची पद्धत आहे, पण एक सांभाळा: आजचं पदनाम मागे लावू नका. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. 1990 साली निवृत्त झालेल्या तलाठ्याला कुणी हौसेने तसं लिहिलं तर ते चूक. आणखी मागे गेलात तर करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. तेव्हा 1910 साली करवीर संस्थानात 'तलाठी' होते असं कुणी लिहून दिलं, तर आधी कागद मागा. ते बहुधा वतनदार कुलकर्णी असतील. वतन हे पद नव्हे, ते वंशाकडून येतं. तिथे 'नोकरी' हा शब्दच चालणार नाही.

आणि 'माजी' आणि 'निवृत्त' यांची गल्लत करू नका. निवडून आलेला माजी (माजी सरपंच), सेवेतून बाहेर पडलेला निवृत्त. 'माजी तलाठी' म्हटलं की काढून टाकल्यासारखं वाटतं. प्रभारी होता तर प्रभारीच लिहा, सहा महिने चार्ज सांभाळलेला 'मुख्याध्यापक' होत नाही.

पेटीवाली
मला वेगळंच विचारायचंय. दिवसा कचेरीत कारकून आणि रात्री भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस. फॉर्ममध्ये त्याने फक्त 'नोकरी' लिहिलं. गावात त्याला पेटीमास्तर म्हणूनच ओळखतात. मथळ्यात काय?

गावकामगार
फॉर्ममध्ये त्याने पेटी लिहिली नाही ते शहाणपणाचं होतं. राज्य सरकारी नोकरांच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत परवानगीशिवाय खाजगी धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. अधूनमधून कलेचं काम करायला हरकत नसते, पण व्यवसायाच्या रकान्यात 'वादक' लिहिलं की विचारणा ओढवून घेतली. चरित्राला ती अडचण नाही. 'महसूल खात्यात अव्वल कारकून. भजनात पेटी' असं एका ओळीत दोन्ही येतं.

पेठकर
नाही, इथे मी ठाम आहे. मथळ्यात अव्वल कारकूनच. पेटी मजकुरात.

मोडीवाचक
मग बाबूराव पेंटरांचं काय करणार? मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवायचे म्हणून लोकांनी पेंटर म्हटलं आणि तेच आडनाव झालं. पुढे चित्रपट काढले, कॅमेरा घरच्या घरी जुळवला, जाहिरातीची चित्रंही स्वतः काढली. फॉर्ममध्ये एकच खाना भरायला सांगितलं असतं तर कुठला भरला असता? मथळ्याचा नियम मला मान्य आहे, पण तो सगळ्यांना लागतो असं मला वाटत नाही.

पेठकर
बाबूराव पेंटर एक. तुमच्या स्मरणिकेत तसे किती आहेत?

स्मरणिका_संपादन
सगळ्यांचे आभार. गुळव्याच्या मुलाला फोन केला. ऊस गावातल्या बागायतदारांचा, काहील त्यांच्या चुलत्याची, वडिलांना आदणामागे पैसे. 'गूळ व्यवसाय' खोडतोय. त्यांनी सांगितलं ते असं छापणार: 'गुळव्या. हंगामात कागल तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर पाक उतरवायचं काम. इतर वेळी स्वतःची वीस गुंठे शेती.' पेटीवाल्याचा मथळा अजून ठरत नाही, तो मुलांनाच विचारतो. माहितीपत्रकात आता एका रकान्याऐवजी दोन करतोय: 'हुद्दा आणि कुठल्या साली' आणि 'नेमकं काय करायचे'.

उदगावकर
दुसऱ्या रकान्यात जागा जास्त ठेवा. फॉर्मात जागा नसली की माणूस 'मजूर' लिहून मोकळा होतोय.