४० पैसे देऊन दाखवा: ग्रीडी कुठे पुरतं आणि कुठे आपटतं

बिनधास्त_भुसावळ: कमीत कमी नगांत सुट्टे देण्याच्या गणितात लोक उगाच डीपी, म्हणजे लहान रकमांच्या उत्तरांवरून मोठीचं उत्तर काढणारं टेबल, घुसडतात. मोठ्यात मोठी नोट आधी द्या, उरलेल्या रकमेला पुन्हा तेच, हेच ग्रीडी. १ ते १००० रुपयांपर्यंत प्रत्येक रक्कम चालवून पाहिली, एकदाही चुकलं नाही. सिद्धता हवी कोणाला? ग्रीडी जलद असतं, डीपी हा शेवटचा उपाय.

तापीकाठ: शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. ५, १०, २०, २५ आणि ५० पैशांची नाणी आठवतात ना? मग ४० पैसे द्या पाहू. तुमची पद्धत आधी २५ उचलते, मग १०, मग ५. झाली तीन नाणी. वीस-वीसच्या दोन नाण्यांत काम भागतं. ही मी रचलेली नाणी नाहीत. जून २०११ अखेर २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तोवर ही सगळी चालायची. पद्धत तीच ठेवली, फक्त संच बदलला आणि ग्रीडी आपटलं.

म्हणजे वेगाचा मुद्दा नंतरचा. मोठी नोट आत्ता उचलली तर पुढे पस्तावणार नाही, हे कशावरून? आजच्या १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५०० या संचासाठी ते दाखवता येतं. कमीत कमी नगांत बसवलेला कुठलाही हिशेब घ्या. त्यात १ ची दोन नाणी नसतात, त्यांच्या जागी २ चं एक येतं. २ ची तीन नसतात, कारण ६ म्हणजे ५ आणि १. २ ची दोन आणि सोबत १ हेही नाही, त्यांचे ५ होतात. म्हणून ५ च्या खालचा सगळा ऐवज ४ च्या वर जात नाही. ५ चं नाणं एकच असणार, म्हणजे १० खालचा ऐवज फार तर ९. दहाची एकच, म्हणजे २० खालचा १९. विसाच्या फार तर दोन, आणि दोन असल्या तर सोबत दहा नाही, म्हणून ५० खालचा ४९. पुढे तसंच ९९, १९९, ४९९. रक्कम ५० किंवा जास्त असली की ती ४९ मध्ये मावत नाही, मोठी नोट लागतेच.

आता हीच अदलाबदल जुन्या नाण्यांवर करा. २० ची दोन काढून २५ चं घातलं की उरतात १५, आणि १५ चं नाणं नाही. अदलाबदल जिथे अडली, तिथेच ४० पैसे दबा धरून बसलेत.

शेवभाजी_धुळे: एवढं लांबण कशाला? लहान नाणं मोठ्याला पूर्ण भागत असेल तर ग्रीडी बरोबर. २० ने २५ ला भाग जात नाही, म्हणून घोळ. विषय संपला.

तापीकाठ: २ ने ५ ला भाग जातो का? २० ने ५० ला? तरी आजचा संच चालतोय. भाग जात असेल तर ग्रीडी चालतंच, ते मान्य. पण भाग गेला नाही म्हणून बिघडतंच असं नाही.

शेवभाजी_धुळे: बरं, मग निदान दुप्पट तरी असावं. २५ हे २० च्या दुप्पट नाही.

तापीकाठ: १, १०, २५ घ्या. प्रत्येक नाणं आधीच्याच्या दुपटीहून मोठं. ३० द्यायचे तर ग्रीडी २५ आणि १ ची पाच, एकूण सहा नाणी देतं. दहा-दहाची तीन पुरतात.

शेवभाजी_धुळे: हाई खरं शे भो. दुप्पट मागे घेतो.

मेहरूणची_बोरं: तुमचं चालू द्या, पण हे सगळं कुठल्या गल्ल्यावर? आमच्या चाळीसगावात किराणावाला रुपया मागितला की चॉकलेट हातात टेकवतो. ६० परत द्यायचे, गल्ल्यात पन्नासची एक, वीसच्या तीन, दहाची एकही नाही. पन्नास हातात धरतो आणि म्हणतो सुट्टे नाहीत. वीसच्या तिन्ही समोर पडलेल्या असतात!

बिनधास्त_भुसावळ: धाग्याचा विषय काय, हे काय? किराणावाल्याची तक्रार त्याच्याकडेच करा.

तापीकाठ: बोरं, तुम्ही नकळत मर्मावर बोट ठेवलंत. माझी वरची सिद्धता गल्ला अथांग आहे असं धरून होती. वीसच्या तीन काढून पन्नास आणि दहा घालायचे, तर दहाची नोट असावी लागते. ती नाही, म्हणून अदलाबदल अडली. नोटा मोजक्या असतील तर संच कितीही चांगला असो, सिद्धता बाद.

शेवभाजी_धुळे: मग आधी ग्रीडी चालवायचं, अडकलं तरच डीपी.

तापीकाठ: अडकलं तर दिसतं. न अडकता वाईट उत्तर आलं तर? त्याच गल्ल्यात रुपयाची दहा नाणी टाका. ग्रीडी खुशाल पन्नास आणि दहा नाणी देईल, अकरा नग. कुठे त्रुटी नाही, कुठे लाल अक्षर नाही. मोजक्या नोटांसाठी सरळ डीपी लिहा: गल्ल्यातली एकेक नोट घ्यायची आणि रकमांचं टेबल मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे भरायचं. लहानाकडून भरलं तर तीच पन्नासची नोट दोनदा लागते आणि गल्ल्यात एक असताना उत्तरात दोन येतात. हे ओळखायला उत्तरातल्या नोटा गल्ल्याशी ताडून बघणं पुरे.

बिनधास्त_भुसावळ: चार ओळींच्या प्रोग्रॅमवर प्रबंध लिहिताय. मी हजार रकमा तपासल्या त्याचं काय? त्या चुकल्या का?

तापीकाठ: नाही चुकल्या. आणि मोठ्या जड मनाने सांगतो, अथांग गल्ल्यापुरत्या त्या पुरेशाही आहेत. कोझेन आणि झॅक्स या संगणकशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं की ग्रीडी कुठे चुकत असेल तर सगळ्यात लहान चूक सर्वांत मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेच्या आतच सापडते. आपल्याकडे ५०० अधिक २००, म्हणजे ७००. तुम्ही हजारपर्यंत गेलात. पण ते माहीत नसताना हजारच का, दोनशे का नाही, याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं. शिवाय ताडून पाहायला कमीत कमी नगांचा आकडा डीपीनेच काढला असणार ना?

```python
def tapas(c):            # चढत्या क्रमाने, पहिलं 1
    n = c[-1] + c[-2]
    dp, gr = [0]*n, [0]*n
    for x in range(1, n):
        ok = [k for k in c if k <= x]
        dp[x] = 1 + min(dp[x-k] for k in ok)
        gr[x] = 1 + gr[x-ok[-1]]
        if gr[x] > dp[x]:
            return x
```

`tapas([1,2,4,5,10])` दिलं की ८ येतो. हीच जुनी नाणी पाचाने भागून, म्हणजे ४० पैसे. आजच्या संचावर `None`.

बिनधास्त_भुसावळ: हो, डीपीनेच काढला होता. खूश? पण तपासून झाल्यावर दुकानात ग्रीडीच बसवणार.

तापीकाठ: अथांग गल्ला असलेलं दुकान सापडलं की कळवा.

मेहरूणची_बोरं: माझा प्रश्न अजून लटकलेलाच आहे. किराणावाल्याला कमी नगांत कुठे द्यायचंय? त्याला दहाच्या नोटा जपायच्या असतात, संध्याकाळी लागतात म्हणून.

शेवभाजी_धुळे: मग दहाच्या नोटेला जास्त किंमत लावा. नग मोजायचे नाहीत, किमतींची बेरीज कमीत कमी करायची. डीपीत एका ओळीचा बदल.

तापीकाठ: बदल एका ओळीचाच, पण दहाच्या नोटेची किंमत किती लावायची? दुपारी वेगळी, संध्याकाळी वेगळी. ते टेबल सांगत नाही.

मेहरूणची_बोरं: किराणावाल्याला विचारून बघते. आधी चॉकलेट घ्यावं लागेल.