रूट न करताही 'फोन असुरक्षित' का?

> "मी रूट-बीट काही केलं नाही. एमजी रोडवरून जुना फोन घेतला, बँकेचं ॲप उघडतच नाही."

आधीच्या मालकाने बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग, अनलॉक केला असावा. फोन बंद करून चालू करा. सुरुवातीलाच उघड्या कुलपाचं चित्र किंवा नारिंगी इशारा दिसला, तर तेच कारण. फोनची प्रणाली मूळचीच आहे का, हे अशी ॲप्स बहुधा गूगलकडून पडताळून घेतात. बूटलोडर उघडा असला की तशी ग्वाही मिळत नाही, मग रूट असो वा नसो.

सर्व्हिस सेंटरमध्ये आधी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकून घ्या, नंतर बूटलोडर लॉक. क्रम उलटा झाला तर फोन सुरूच न होण्याची भीती असते. यात सगळा डेटा पुसला जातो, फोटो आधीच काढून ठेवा. रूट लपवणाऱ्या ॲप्सच्या नादी लागू नका. आज चाललं तरी पुढच्या अपडेटला पुन्हा तीच रड.