मदत हवी आहे: पायाची जखम व्हिडिओवर का बघत नाहीत?

खानापूर_शिवार: बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. बेळगावातल्या त्यांच्या दवाखान्याची काल ईमेल आली. रिपोर्ट बघणं, गोळ्यांचा डोस कमी-जास्त करणं, जुन्या आजाराची पुढची विचारपूस व्हिडिओवर होईल म्हणतात. पण छातीत दुखणं, धाप लागणं यांच्याच ओळीत ‘मधुमेहींच्या पायाची नवी जखम’ लिहून, प्रत्यक्षच या असं सांगितलंय.

बाबांच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, चपलेनं फोड आला होता. चार दिवसांपूर्वी फुटला. आता आठ आण्याएवढी जखम आहे, कडेची कातडी पांढरी, जाड. अजिबात दुखत नाही, म्हणून रोज रोप लावायला चिखलात उतरतात. बेळगावला जाऊन यायचं म्हणजे लावणीचा दिवस मोडतो. फोटो स्वच्छ येतोय, मग व्हिडिओवर का चालू नये?

निपाणीवाला: फोटो पाठवा, अँटिबायोटिक लिहून देतील. २०२० मध्ये सरकारनंच व्हिडिओवर तपासायचे नियम काढलेत.

ड्रेसिंगवाली_ताई: नियम आहेत, पण प्रत्यक्ष बघायची गरज आहे का, हे त्यांत डॉक्टरांवरच सोपवलंय.

दादा, मी अशा पायांची ड्रेसिंगं रोज करते. मला काळजी वाटली ती ‘दुखत नाही’ याची. तळव्याची जखम घेऊन माणूस चिखलात उभा राहतो, म्हणजे नसा बधिर झाल्या असणार. डॉक्टर पावलावरची नाडी बोटांनी चाचपतात, रक्त पोचतंय का बघायला. पांढरी कातडी कापून काढल्यावरच जखम आत केवढी आहे ते दिसतं. बोथट सळई हाडाला लागली, तर हाडापर्यंत जंतू गेल्याची शंका येते, मग एक्स-रे. यातलं कॅमेऱ्यातून काय होणार?

बाबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, यांच्या टोकांना आपलं बोट क्षणभर हलकं टेकवा. दाबू नका. कळतंय का विचारा.

शहापूर_गल्ली: माझी थायरॉइडची गोळी दोन वर्षं व्हिडिओवरच चालू आहे, काही त्रास नाही. तुमची ईमेल मराठीत आली का? आम्हाला इंग्रजीत येते, सासऱ्यांना वाचून दाखवावी लागते.

खानापूर_शिवार: इंग्रजीतच आहे.

ताई, करून बघितलं. सहापैकी चार बोटांना कळलंच नाही. बाबा म्हणाले, “तू हात लावलासच कुठं?” मोजावर पिवळट डागही दिसला.

ड्रेसिंगवाली_ताई: मग उद्याच न्या. तोवर चिखल बंद, अनवाणी चालणं बंद, गरम पाण्यात पाय बुडवायचा नाही. साध्या स्वच्छ पाण्यानं धुवून कोरडं गॉज ठेवा. लाली वर चढली, घाण वास आला, ताप आला किंवा बोट काळं पडलं, तर उद्यापर्यंतही थांबू नका.

निपाणीवाला: हे माहीत नव्हतं. पण एकदा दाखवल्यावर पुढची ड्रेसिंगं गावच्या सरकारी दवाखान्यात करून व्हिडिओवर दाखवली तर?

ड्रेसिंगवाली_ताई: जखम किती खोल निघते त्यावर आहे. डॉक्टरांना तिथंच विचारा.

खानापूर_शिवार: सकाळच्या पहिल्या बसनं निघतोय. रोपाला शेजारचे दोघे येतो म्हणालेत.